खोकला ऐकू येतो, श्वास बघावा लागतो

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज आपण लहान लेकरांच्या खोकल्याबद्दल आणि श्वासाबद्दल बोलणार आहोत. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा, कारण मधे मी तीन आकडे सांगणार आहे. ते लिहून घेण्यासारखे आहेत.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी गटांचं काम बघते. पण मागच्या थंडीत आमच्या एका गटातल्या घरात जे घडलं, त्यानंतर मी आशाताईंना आणि रुग्णालयातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले. त्या घरच्यांना विचारूनच ही गोष्ट सांगतेय. नावं मात्र सांगणार नाही.

घर एकच. दोन जावा, दोघी आपल्या गटात. थोरलीचा मुलगा सव्वादोन वर्षांचा. धाकटीची मुलगी साडेतीन महिन्यांची. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन्ही लेकरं आजारी पडली. एकाच्या आजारानं अख्खी आळी जागी झाली. दुसरीच्या आजाराचा घरात कुणाला पत्ताही लागला नाही. आणि जास्त धोका तिलाच होता.

आधी मुलाचं सांगते. दिवसभर त्याला थोडी सर्दी होती, खेळत होता, जेवून झोपला. रात्री एकच्या सुमाराला तो दचकून उठला आणि खोकायला लागला. कसा, तर अंगणात कुत्रं भुंकावं तसा, खणखणीत आणि कोरडा. आवाज बसलेला. रडायला लागला की श्वास आत घेताना घशातून ‘घूंऽऽ’ असा ताणलेला आवाज यायचा. आजी म्हणाली, डांग्या खोकला झाला. कुणी म्हणालं, घशात काहीतरी अडकलंय, बोट घालून बघा. कुणी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, वाफ द्यायची म्हणून.

या आजाराला डॉक्टर ‘क्रूप’ म्हणतात. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना जास्त होतो, कधी पाच-सहा वर्षांपर्यंतही होतो. सर्दीचेच विषाणू असतात, पण त्यांच्यामुळे सूज येते ती आवाजाच्या पेटीला आणि तिच्या खालच्या भागाला, म्हणजे श्वासनळीच्या तोंडाशी. मोठ्या माणसाला तिथं सूज आली तर नुसता घसा बसतो. लेकराची नळी मुळातच बारीक. समजा नळीची आतली रुंदी चार मिलिमीटर आहे आणि तिला आतून सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली. हवा जायला जागा किती उरली? निम्मी नाही, फक्त पाव हिस्सा. म्हणून श्वास आत ओढताना तो आवाज येतो, आणि खोकला भुंकल्यासारखा होतो. हे रात्री वाढतं, दिवसा कमी वाटतं आणि बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन रात्रींत उतरतं.

हा डांग्या खोकला नाही. डांग्या खोकल्यात एकामागून एक उबळी येतात, मूल लालबुंद होतं, उबळ संपताना मोठा श्वास ओढतं, उलटी होते, आणि हे कित्येक आठवडे चालतं. त्याची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये येते.

त्या रात्री घरच्यांकडून एक गोष्ट फार चांगली झाली. त्याच्या बापानं त्याला गोधडीत गुंडाळून उभं छातीशी धरलं आणि ओसरीवर नेलं. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटांत त्याचा श्वास जरा मोकळा झाला, रडणं थांबलं. क्रूपमध्ये रडणं हाच मोठा शत्रू. रडलं की मूल जोरात श्वास ओढतं, आणि जोरात ओढला की सुजलेली जागा आणखी आत खेचली जाते. म्हणून मुलाला आईच्या किंवा आजीच्या मांडीवर बसतं ठेवायचं, आडवं पाडायचं नाही, गाणं म्हणा, मोबाईलवर चित्र दाखवा, पण शांत करा. घशात बोट किंवा चमचा घालून बघायचं नाही, त्यानं घसा एकदम बंद होऊ शकतो. आणि उकळत्या पाण्याच्या वाफेनं क्रूप बरा होतो असं कुठं दिसलेलं नाही, पण पातेलं अंगावर सांडून भाजलेली लेकरं डॉक्टर दरवर्षी बघतात.

मग त्याला मोटारसायकलवरून रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी त्याला आईच्या मांडीवरून उचलून न घेता तसंच तपासलं. डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइडचं औषध तोंडावाटे एकदाच दिलं. ते त्या नळीची सूज उतरवतं, दोन-एक तासांत फरक पडायला लागतो. थोडा वेळ थांबवून घेतलं आणि पहाटे घरी सोडलं. दुसऱ्या रात्री थोडा भुंकला, तिसऱ्या रात्री झोपला. स्टेरॉइड म्हटल्यावर घाबरू नका, एका मात्रेनं काही बिघडत नाही. पण मेडिकलमधून स्वतःच आणून देऊही नका. मात्रा वजनावर ठरते, आणि हा आजार क्रूपच आहे हे आधी ठरावं लागतं.

क्रूपमध्ये घरी थांबायचं की पळायचं, हे कशावरून ठरवायचं? मूल फक्त खोकताना भुंकतंय, खेळतंय, पाणी पितंय, आणि श्वासाचा आवाज रडतानाच येतोय, तर सकाळपर्यंत जवळ जागून लक्ष ठेवता येतं. सकाळी मात्र डॉक्टरांना दाखवायचंच. पण मूल शांत बसलंय, झोपलंय, तरी श्वास आत घेताना तो ‘घूंऽऽ’ आवाज येतोय, तर रात्र असो, पाऊस असो, निघायचं. गळ्याच्या खालची खळगी किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल तरी निघायचं. लाळ गळतेय, थुंकीसुद्धा गिळता येत नाही, ताप खूप आहे आणि मूल मान पुढं काढून बसलंय, तर तो क्रूपपेक्षाही गंभीर प्रकार असू शकतो. आणि शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका खाता-खेळताना एकदम ठसका लागून हे सुरू झालं असेल, तर श्वासनळीत काहीतरी अडकलंय असं धरूनच निघायचं.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती. मूल दमलं की आवाज कमी होतो. भुंकणं थांबलं म्हणून आपण ‘चला, उतरलं’ म्हणतो. पण मूल मलूल पडलंय, छाती आत ओढली जातेय आणि आवाज कमी झालाय, तर ते बरं होत नाहीये, त्याची ताकद संपत आलीय. तेव्हा एक मिनिटही थांबायचं नाही.

आता धाकटीच्या मुलीकडे येते. मुलगा बरा झाला, घर निवांत झालं, आणि या बाळाला सर्दी झाली. पहिले दोन दिवस नाक वाहिलं, अंग जरा कोमट. तिसऱ्या दिवशी बारीक खोकला. गावातल्या दवाखान्यातून खोकल्याचं पातळ औषध आणलं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांच्याच ओसरीवर गटाची बैठक होती. बाळ आईच्या मांडीवर टोपी, स्वेटर आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेलं. मी विचारलं, ‘बरी आहे का गं?’ ती म्हणाली, ‘हो ताई, आता काही त्रास नाही. खोकतही नाही फारशी. नुसती झोपून असते.’ सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या नातवासारखं नाही काही, शहाणी आहे.’

बैठकीला आशाताई आल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘दूध किती वेळ ओढते?’ धाकटी जराशी थांबली. म्हणाली, ‘कालपासून दोन-चार घोट घेते आणि सोडते. नाक भरलंय ना.’ सकाळपासून लंगोट किती वेळा ओला झाला? एकदा. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

आशाताईंनी दुपटी सोडली, स्वेटर वर केला, झबलं छातीच्या वर सरकवलं. आणि आम्हा सगळ्यांना दिसलं. पोट भात्यासारखं भरभर वर-खाली होत होतं. प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग, बरगड्या संपतात तिथं, आत खड्डा पडल्यासारखा जात होता. जुन्या बायका याला ‘डबा उडतोय’ म्हणतात. नाकपुड्या फुगत होत्या. तीन-चार थरांच्या कपड्यांखाली हे सगळं चाललं होतं, आणि बाहेरून बाळ नुसतं झोपलेलं दिसत होतं.

आशाताईंनी मला मोबाईलवर एक मिनिट लावायला सांगितलं आणि श्वास मोजले. सहासष्ट. बाळ थोडं हललं होतं म्हणून परत मोजले. चौसष्ट.

आता वही घ्या. हे ते तीन आकडे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ असेल, तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिने पूर्ण ते एक वर्षापर्यंत, ५० किंवा जास्त. एक वर्ष ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. पुन्हा सांगते. साठ, पन्नास, चाळीस. मूल मोठं होतं तसा आकडा दहानं उतरतो.

मोजायचं कसं? बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. रडत असेल, दूध पीत असेल तर मोजू नका, आकडा चुकतो. पोट-छाती उघडी करा, उजेडात बसा. पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं की एक. आणि पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्ही बाळं क्षणभर थांबून मग भरभर श्वास घेतात, छोट्या मोजणीत ते फसवतं. आकडा जास्त आला तर एकदा परत मोजा. तापानंही श्वास थोडे वाढतात, पण ‘तापानं असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

या मुलीला जे झालं होतं त्याला ‘ब्रॉन्किओलायटिस’ म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. छातीत श्वासनळीला झाडासारख्या फांद्या फुटत जातात. अगदी शेवटच्या, बारीक डहाळ्यांना सूज येते आणि त्यांत चिकट पातळ शेंबूड भरतो. हा आजार दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना जास्त जड जातो. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू त्याला कारण असतो. तोच विषाणू मोठ्या माणसाला नुसती सर्दी देतो. पहिले दोन-तीन दिवस सर्दी, मग खोकला आणि धाप, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत आजार सगळ्यात जास्त चढतो. हे लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं, चार दिवस झाले, आता उतरणार. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तिसरा, चौथा, पाचवा दिवस हाच जपायचा असतो.

आणि दूध का तुटतं? बाळ नाकानं श्वास घेतं. दूध ओढायचं, गिळायचं आणि मधे श्वास घ्यायचा, हे तिन्ही त्याला एकत्र करावं लागतं. मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेणाऱ्या बाळाला गिळायला वेळच मिळत नाही. म्हणून ते दोन घोट घेतं आणि सोडतं. रोजच्या निम्म्याहून कमी दूध जातंय, तर श्वास मोजून पन्नासच्या आत आले तरी दवाखान्यात जायचं. तशा बाळाला चमच्यानं किंवा बाटलीनं जबरदस्तीनं पाजू नका, दूध श्वासनळीत जातं.

आम्ही १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत धाकटीनं बाळाला उभं, खांद्याशी धरलं, तोंडावरचा पदर काढला, स्वेटर सैल केला. रुग्णालयात बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ८७ दाखवत होता, तो नव्वदच्या खाली जायला नको. घरी मोठ्या माणसांचं बोटाला लावायचं यंत्र असेल तर त्यावर तान्ह्या बाळाचा भरवसा ठेवू नका, इवल्या बोटावर ते नीट बसत नाही.

पुढं काय केलं, ते ऐका, कारण इथंच घरात भांडण झालं. नाकातल्या बारीक नळीनं ऑक्सिजन दिला. नाक साफ केलं. दुसऱ्या बारीक नळीनं आईचंच दूध पोटात सोडलं, थोडं-थोडं, दर दोन तासांनी. बस्स. दुसऱ्या दिवशी बाळाचे वडील चिडले. ‘इंजेक्शन नाही, औषध नाही, नुसतं ठेवून घेतलंय. मोठ्या पोराला एका घोटात बरं केलं, हिला तेच औषध का देत नाहीत? मोठ्या दवाखान्यात नेतो.’ तसं वाटणं साहजिक आहे. डॉक्टरांनी समजावलं ते असं. स्टेरॉइड वरच्या नळीची सूज उतरवतं, या बारीक डहाळ्यांत त्याचा उपयोग होत नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, जोडीला जंतूंचा न्यूमोनिया झाला तरच ते लागतं. वाफारा देणाऱ्या यंत्रातलं दम्याचं औषधही या वयात बहुतेकदा कामाचं नसतं. सूज आपोआप उतरते, पण तोवर बाळाला प्राणवायू आणि दूध मिळत राहायला हवं. तेवढाच उपचार, आणि तो घरी करता येत नाही. ते ऐकून वडील थांबले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑक्सिजन काढला, पाचव्या दिवशी बाळ अंगावर पिऊन घरी आलं. खोकला मात्र पुढं पंधरा दिवस रेंगाळला. ते चालतं, दूध नीट पीत असलं आणि श्वास मोजून बरोबर असले तर.

सौम्य आजार असेल आणि डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं, तर काय करायचं? मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात. पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत ते घालून नाक मऊ कापडानं पुसायचं. एरवीपेक्षा कमी-कमी पण जास्त वेळा पाजायचं. दिवसातून तीन-चार वेळा झबलं वर करून छाती बघायची, श्वास मोजून वहीत लिहायचे. खोकल्याचं औषध द्यायचं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय. नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरतं. कापूर हुंगवू नका, छातीला चोळू नका, कापरानं बाळाला झटके येऊ शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आणि धुरी-शेगडी बाळापासून लांब. सुजलेल्या नळ्यांना धूर म्हणजे जखमेवर मीठ. ‘डबा झाला’ म्हणून पोटावर डाग देण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. त्या भाजण्यानं श्वास सुधारत नाही, फक्त दवाखान्यात जायला उशीर होतो.

काही बाळांच्या बाबतीत वाट बघायचीच नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, जन्मतः खूप कमी वजनाचं, किंवा हृदयाचा आजार असलेलं. यांना सर्दीबरोबर धाप दिसली की त्याच दिवशी दाखवायचं. इतक्या लहान बाळांचा श्वास कधीकधी मधेच थांबतो, आणि तोच पहिला इशारा असतो.

शेवटी, दोन्ही आजारांत ताबडतोब निघायची लक्षणं एकत्र सांगते. छातीचा खालचा भाग आत जातो. श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी दिसते, सावळ्या बाळाच्या तोंडात आतून बघायचं. श्वास मधेच थांबतो. बाळ पीतच नाही, किंवा प्यायलेलं सगळं उलटतं. बारा तासांत लघवी नाही. झटके येतात. बाळ उठवून उठत नाही. यातलं एकही दिसलं, तर १०८, नाहीतर मिळेल ती गाडी.

जाता जाता एक काम देते. आज रात्री घरातलं धडधाकट बाळ झोपलं की झबलं वर करून त्याचा श्वास एक मिनिट मोजा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरं असताना छाती कशी हलते हे डोळ्यांना माहीत असलं, की आजारपणात फरक लगेच कळतो. त्या धाकटीच्या घरी आता कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी हा आकडा लिहिलेला असतो. गेल्या महिन्यात मी बघितला. चौतीस.